१२,००० ऑप्शन की वर्षाला ८ लाख जास्त? ऑफर लेटरमधलं गणित कळेना

कागदी_होडी
दोन ऑफर हातात आहेत आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. ७ वर्षांचा अनुभव, काम बॅकएंडचं.

पहिली ऑफर जुन्या, स्थिरस्थावर कंपनीची. वर्षाला २६ लाख रोख, काम ओळखीचं, थोडं कंटाळवाणं. दुसरी ६० माणसांच्या स्टार्टअपची. १८ लाख रोख आणि १२,००० ईसॉप, म्हणजे कंपनीच्या शेअरचे ऑप्शन, ४ वर्षांत थोडे थोडे हक्काचे होणारे, म्हणजे व्हेस्ट होणारे, पहिलं वर्ष पूर्ण केलं नाही तर काहीच नाही. काम मात्र मला मनापासून आवडलंय, मुलाखत घेणारी माणसंही.

एचआरच्या बाई फोनवर म्हणाल्या, "गेल्या फंडिंग राउंडला आमचा शेअर ८०० ला गेला. १२,००० गुणिले ८०० म्हणजे ९६ लाख. वर्षाला २४ धरा. १८ आणि २४, म्हणजे ४२ लाखांचं पॅकेज झालं की!" फोन ठेवल्यावर अर्धा तास मी हवेत होतो. मग ऑफर लेटर पुन्हा वाचलं, तर त्यात ९६ लाख हा आकडा कुठेच नाही. फक्त "१२,००० ऑप्शन" आणि "योजनेच्या अटींनुसार". हे ४२ खरे धरायचे का?

खटपट्या
बिनधास्त उडी मारा! स्वतःचं काही सुरू करायचं तर हेच वय. मी ३ वर्षांपूर्वी नोकरी सोडली, आज ४ माणसं हाताखाली आहेत. सुरुवातीला घरच्यांनी बोल लावले, आता गप्प आहेत. पार्टनर निवडताना मात्र नीट बघा, आमचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं.

कागदी_होडी
खटपट्या, अभिनंदन! पण मला स्वतःचं काही सुरू करायचं नाहीये. दोन्हीकडे नोकरीच आहे, एकीकडे पगाराचा काही भाग कागदावर देतायत एवढंच.

जुना_कारकून
ईसॉपची किंमत शून्य धरा आणि मग ठरवा. १८ विरुद्ध २६. १८ मध्ये घर चालत असेल आणि काम आवडत असेल तर जा, नाहीतर २६ घ्या. मी तीन कंपन्यांचे कागद कपाटात ठेवलेत, एकाचीही दमडी आली नाही. विषय संपला.

मुक्ता_स
कारकूनकाका, शून्य धरणं सुरक्षित आहे, पण मग ५,००० ऑप्शन देणारी आणि ५०,००० देणारी कंपनी सारखीच ठरते. तसं नसतं ना. होडी, तुम्ही नुसती संख्या बघू नका, टक्के विचारा. कंपनीचे एकूण शेअर किती, ईसॉपसाठी राखून ठेवलेला सगळा पूल धरून? १२,००० भागिले ते. टक्के कळले की कंपनी कितीला विकली गेली तर तुम्हाला किती, हे तोंडी सांगता येतं. एवढं पुरे.

कागदी_होडी
विचारलं. एकूण ३० लाख शेअर, पूल धरून. म्हणजे ०.४ टक्के. शेअर ८०० चा तर कंपनी २४० कोटींची. अगदी १०० कोटींना विकली तरी ०.४ टक्के म्हणजे ४० लाख. पगारातला फरक ४ वर्षांचा ३२ लाख. म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीतही मी थोडा पुढेच?

बेरीज_वजाबाकी
थांबा थांबा. मुक्ताताईंनी टक्के विचारायला लावले ते बरोबरच, पण "एवढं पुरे" इथे गाडी रुळावरून घसरली. मी ९ वर्षं स्टार्टअपांच्या हिशेबखात्यात होते, कॅप टेबल, म्हणजे कुणाकडे किती शेअर त्याचा तक्ता, सांभाळणं हेच काम. विक्री झाली की पैसे टक्केवारीने वाटले जात नाहीत. आधी रांग लागते.

होडी, तीन गोष्टी विचारून या. तुमची स्ट्राइक प्राइस किती. आजवर कोणत्या राउंडला किती पैसे आले आणि शेअर कितीला गेला. आणि गुंतवणूकदारांचा लिक्विडेशन प्रेफरन्स किती पट, पार्टिसिपेटिंग आहे की नाही. तिसरा प्रश्न एचआरला बहुतेक कळणार नाही, फाउंडर किंवा सीएफओलाच विचारा.

कागदी_होडी
विचारून आलो. एचआरने खरंच फाउंडरकडे पाठवलं. तो जरा चपापला, पण सांगितलं. स्ट्राइक २००. सीड राउंडला २०० च्या भावाने १० कोटी, नंतर ए राउंडला ८०० च्या भावाने ५० कोटी. प्रेफरन्स दोन्हीकडे एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग. मला यातलं अर्धंच कळलं.

बेरीज_वजाबाकी
अर्ध्याहून जास्त कळलंय, नाहीतर विचारून आला नसतात.

पहिली गोष्ट साधी आहे. शेअर तुम्हाला फुकट मिळत नाही, २०० ला विकत घ्यायचा हक्क मिळतो. तेव्हा ८०० चा भाव खरा धरला तरी तुमचे ६००. ९६ लाखांचे तिथेच ७२ झाले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ८०० हा भाव तुमच्या शेअरचा नाहीच. तो ए राउंडच्या गुंतवणूकदाराने घेतलेल्या शेअरचा आहे, आणि त्याच्या शेअरला एक हक्क जोडलेला आहे: कंपनी विकली तर आधी आपले ५० कोटी परत घ्यायचे, किंवा ते सोडून सगळ्यांसारखा वाटा घ्यायचा, दोन्हीतलं जे जास्त असेल ते. तुमच्या शेअरला असं कुंपण नाही. म्हणूनच तर तुमची स्ट्राइक २०० आहे. दोन्ही शेअर सारखेच असते तर कंपनीने तुम्हाला चौथ्या हिश्श्यात दिले असते का?

आता तुमचीच १०० कोटींची विक्री घेऊ. ए राउंडवाल्यांकडे ५० कोटी भागिले ८००, म्हणजे सव्वासहा लाख शेअर. ३० लाखांत ते साधारण २१ टक्के. सगळ्यांबरोबर वाटून घेतलं तर त्यांना २१ कोटीही मिळत नाहीत, म्हणून ते हक्क बजावून ५० कोटी उचलतात. उरले ५० कोटी. सीडवाल्यांकडे ५ लाख शेअर, आणि फाउंडर, कर्मचारी सगळे मिळून पावणेएकोणीस लाख. एकूण पावणेचोवीस लाख शेअरमध्ये ५० कोटी, म्हणजे शेअरला साधारण २१०. सीडवाल्यांना हे त्यांच्या २०० पेक्षा बरं, म्हणून ते तुमच्या रांगेत येऊन उभे राहतात.

तुमचा शेअर २१० चा आणि घ्यायला लागतात २००. शेअरमागे साडेदहा. गुणिले १२,००० म्हणजे सव्वा लाख.

४० लाख नाही, सव्वा लाख. ४ वर्षांचे.

बारीकसारीक बरंच सोडलंय. पूलमधले न वाटलेले शेअर विक्रीच्या वेळी बाद होतात, त्यामुळे आकडा थोडा वर सरकतो. वकिलांची आणि बँकरची फी आधी जाते, त्यामुळे खाली. पण चित्र हेच.

मुक्ता_स
बाप रे. मी स्वतःच्या ऑफरच्या वेळी नुसते टक्के बघून सही केली होती. कंपनी अजून विकली गेलेली नाही म्हणून अब्रू शाबूत आहे.

उगाच_एक
आणि हे नॉन-पार्टिसिपेटिंग आहे म्हणून सव्वा लाख तरी आले. पार्टिसिपेटिंग असतं तर ए वाल्यांनी ५० कोटी घेऊन वर उरलेल्यातही हात घातला असता, मग शेअर २०० च्या खाली आणि तुमचे ऑप्शन कागद. दुप्पट प्रेफरन्स असता तर पहिले १०० कोटी तिथेच संपले असते. एकपट नॉन-पार्टिसिपेटिंग ही त्यातल्या त्यात सभ्य अट आहे. फाउंडर चपापला पण खोटं बोलला नाही, याचे मी गुण देईन.

जुना_कारकून
म्हणजे शेवटी मी म्हणालो तेच. शून्य.

बेरीज_वजाबाकी
नाही हो काका. कंपनी २४० कोटींच्या वर गेली की ए वाल्यांनाही वाटून घेणंच परवडतं, रांग मोडते आणि सगळे सारखे होतात. ७२० कोटींना विकली आणि मधे नवा राउंड झाला नाही, तर शेअर २,४०० चा, होडींचे २ कोटी ६४ लाख. शून्य धरलं की हेही दिसत नाही. मधल्या पट्ट्यात काय होतं ते बघण्यासाठीच मी एवढं टाइप करतेय.

होडी, तुम्ही उलटं विचारा: माझे सोडलेले ३२ लाख भरून यायला कंपनी कितीला विकली पाहिजे? ३२ लाख भागिले १२,००० म्हणजे शेअरमागे २६७ नफा, स्ट्राइक धरून भाव ४६७. पावणेचोवीस लाख शेअर गुणिले ४६७ म्हणजे १११ कोटी, त्याच्या आधी ए वाल्यांचे ५०. एकूण १६१ कोटी. त्याखाली विकली तर तुम्ही जुन्या कंपनीत बरे होतात, वर गेली तर इथे.

शंकासुर
पण मधे बी राउंड होणारच ना? ६० माणसं आणि ५० कोटी, किती पुरतील? डायल्युशनचं काय?

बेरीज_वजाबाकी
बरोबर विचारलंत, आणि इथे बहुतेकांचं लक्ष चुकीच्या ठिकाणी जातं. समजा सगळं छान चाललं, बी राउंडला १,६०० च्या भावाने १०० कोटी आले. शेअर ३० लाखांचे सव्वाछत्तीस लाख झाले. होडींचे ०.४ टक्के ०.३३ वर आले. सगळे याच्यावरच हळहळतात. पण कंपनी ५८० कोटींची झाली, त्यामुळे मोठ्या विक्रीत ते फारसं जाणवत नाही.

खरा फटका रांगेला बसतो. आता होडींच्या आधी ५० नाही, १५० कोटी उभे. ३२ लाख भरून यायला कंपनी १६१ ऐवजी २६१ कोटींना विकावी लागेल. पेपरात बातमी येते, "अमुक स्टार्टअपने १०० कोटी उभारले", ऑफिसात केक कापतात, आणि त्याच दिवशी साध्या शेअरवाल्याची किमान रेषा १०० कोटींनी वर सरकते. मी असे केक खाल्लेत.

उगाच_एक
गुड टेक्नॉलॉजी आठवते का कुणाला? मोबाइल सिक्युरिटीची अमेरिकन कंपनी, एकेकाळी १ अब्ज डॉलरच्या वर मोजायचे तिला. २०१५ मध्ये ब्लॅकबेरीने ४२.५ कोटी डॉलरना घेतली. रक्कम लहान नाही. पण प्रेफरन्सवाल्यांचं झाल्यावर साध्या शेअरला उरले काही सेंट. त्यात काही कर्मचारी आधीच्या चढ्या भावावर कर भरून बसलेले होते.

दोनदा_पोळलेला
कराचा विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. होडी, तुम्ही "विकली तर" याचाच हिशेब करताय. मला तिथपर्यंत पोहोचायलाच मिळालं नाही.

अडीच वर्षांनी सोडलं. कारण सांगत बसत नाही, मॅनेजर बदलला आणि रविवार संध्याकाळपासून पोटात गोळा यायला लागला. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केला, तेव्हा एचआरने एक कागद दिला: व्हेस्ट झालेले ऑप्शन ९० दिवसांत एक्सरसाइज करा, नाहीतर रद्द. स्ट्राइकचे पैसे भरायचे, म्हणजे स्वतःच्या खिशातून शेअर विकत घ्यायचे. आणि आमच्या इथल्या नियमाने त्या दिवशीचा ठरवलेला भाव आणि स्ट्राइक यांतल्या फरकावर कर, पगारासारखा. शेअर विकता येत नाही, कुणी घ्यायला नाही, पण कर रोख.

मी मित्राकडून उसने घेऊन घेतले. १४ महिन्यांनी कंपनी बंद पडली. मित्राचे पैसे फेडून झाले, कर कुणी परत देत नाही. शेअर सर्टिफिकेटची पीडीएफ अजून मेलमध्ये आहे. शोधत असतो भलतंच काही, आणि ती समोर येते.

तुमचं उदाहरण घेतलं तर २ वर्षांनी सोडताना ६,००० ऑप्शन, गुणिले २०० म्हणजे १२ लाख, ३ महिन्यांत, वर कर. १८ लाखांच्या पगारात २ वर्षांत एवढे बाजूला पडतील का?

कागदी_होडी
नाही पडणार. घराचा हप्ता आहे.

अटींचा ३१ पानी कागद मागवला, आत्ता मिळाला. पान १९. ९० दिवस.

मुक्ता_स
मग भांडा ना! पगारावर सगळेच भांडतात, पण हे ९० दिवस वाढवून मागता येतात. आमच्याकडे एकाने ५ वर्षं करून घेतली. कंपनीचा रोख एक पैसा जात नाही, म्हणून मान्य होण्याची शक्यता जास्त.

बेरीज_वजाबाकी
अगदी. फक्त काही देशांत मुदत वाढवली की त्या ऑप्शनचा कराचा प्रकार बदलतो. तुमच्या इथल्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका. आणि तोंडी कबुली नको, ऑप्शनच्या ग्रँट लेटरमध्ये ओळ यायला हवी. ग्रँट लेटर आणि योजना यांत फरक पडला तर कोणतं चालेल, तेही त्यात लिहिलेलं असतं, बहुधा शेवटच्या पानांवर. बोर्डाची मंजुरी झाली का हेही विचारा. ऑफर लेटरमध्ये ऑप्शन लिहिले आणि बोर्डाने मंजूर केले ८ महिन्यांनी, मधे भाव वाढून स्ट्राइक दुप्पट, असं मी पाहिलंय. कुणी फसवलं नव्हतं, कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

शंकासुर
रोखीचं कुणी विचारलंच नाही. बँकेत किती, महिन्याला जातात किती? ५० कोटी उभारून किती दिवस झाले?

कागदी_होडी
राउंड १४ महिन्यांपूर्वीचा. बँकेत आता २६ कोटी, महिन्याला निव्वळ दीड कोटी जातात असं फाउंडर म्हणाला.

शंकासुर
म्हणजे १७ महिने. नवा राउंड उभारायला ६ महिने धरले तर वर्षभरात त्यांना पैसे मागायला निघावं लागेल. तुमचा क्लिफही, म्हणजे पहिलं वर्ष पूर्ण करायची ती अट, नेमका एक वर्षाचा. राउंड लांबला तर माणसं कमी करतात, आणि अकराव्या महिन्यात काढलं तर ऑप्शन शून्य. हे जाता जाता सांगतोय, घाबरवत नाही.

खटपट्या
तुम्ही लोक फार हिशेबी बुवा. माणूस शिकतो किती, ओळखी किती होतात, त्याला किंमत नाही का? मी माझ्या पहिल्या २ वर्षांत जे शिकलो ते मोठ्या कंपनीत १० वर्षांत शिकलो नसतो.

जुना_कारकून
मोठ्या कंपनीतही माणसं काढतात हो. २६ लाख म्हणजे काही सरकारी पेन्शन नव्हे. ती बाजू कुणी तपासली का? २६ मधले पक्के किती आणि "व्हेरिएबल" किती?

कागदी_होडी
काका, रास्त प्रश्न. बघितलं. २६ मध्ये ३ लाख व्हेरिएबल. ज्यांच्या टीममध्ये जाणार त्यांच्यापैकी एकाला गाठलं, गेल्या दोन्ही वर्षी साधारण ७० टक्के मिळालं म्हणाला. म्हणजे २६ चे खरे २५ धरावेत. दरवर्षीची पगारवाढ तिथे ठरलेली, स्टार्टअपमध्ये "राउंडनंतर बघू".

कागदी_होडी
काल रात्री फाउंडरशी पाऊण तास बोललो. १६१ कोटींचं गणित त्याच्यासमोर मांडलं. हसला आणि म्हणाला, हे विचारणारे तुम्ही दुसरे. रोख १८ ची २०.५ केली. मुदत ९० दिवसांची २ वर्षं, ग्रँट लेटरमध्ये लिहून देणार. ऑप्शन वाढवून मागितले, त्याला नाही म्हणाला. क्लिफच्या आत कंपनीनेच काढलं तर काय, यावर "विचार करतो".

बेरीज_वजाबाकी
छान भांडलात. मग नवं गणित: २६ पूर्ण धरले तर फरक साडेपाच लाख, ४ वर्षांचा २२. शेअरमागे १८३, भाव ३८३. विक्रीची रेषा १६१ वरून १४१ कोटींवर आली. २५ धरले तर आणखी खाली. बी राउंड झाला की मात्र त्यात १०० मिळवा, हे विसरू नका. पगारवाढ मी धरलेली नाही, ती धरली की रेषा पुन्हा वर.

दोनदा_पोळलेला
मी असतो तर अजूनही २६ घेतले असते. पण मी दोनदा पोळलेला आहे, माझं मत तसंच वाचा.

मुक्ता_स
मी असते तर गेले असते. अडीच लाख जास्त पगार आणि २ वर्षांची मुदत, हे दोन्ही आज खात्रीचे आहेत. क्लिफची ओळ मात्र लिहून घ्याच.

कागदी_होडी
बायकोला सगळा धागा वाचायला दिला. तिने एकच विचारलं, "त्या १४१ कोटींना विकली जाईल असं तुला वाटतं का?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, मग त्यांच्या धंद्याबद्दल इथे कुणी एक शब्द का बोललं नाही?

गिऱ्हाईक किती, दर महिन्याला किती गळतात, हे मी खरंच विचारलेलं नाही. उद्या सकाळी पुन्हा फोन.

शंकासुर
सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाकडून किती टक्के पैसे येतात तेही विचारा. आणि त्याचं कंत्राट कधी संपतं ते.